उगवती सत्ता, मावळती सत्ता आणि १९१४ चा हिशेब

प्रश्न : वर्चस्व-स्थैर्य सिद्धांत आणि सत्तासंक्रमण सिद्धांत शेवटी एकच सांगतात ना? एकच देश बलाढ्य असला की शांतता, दुसरा बरोबरीला आला की युद्ध. मी उत्तरपत्रिकेत तसंच लिहिलं तर अर्धे गुण गेले. उगवत्या सत्तेमुळे युद्धाची शक्यता वाढते का, हे नेमकं कसं मांडायचं आणि कोणत्या उदाहरणावर? (नागपूर, एम.ए. राज्यशास्त्र, सोबत यूपीएससीची तयारी)

उत्तर :

गुण गेले ते बरोबरच गेले. दोन्ही सिद्धांत एका मुद्द्यावर एकत्र येतात : ताकद एकाच ठिकाणी एकवटली असली तर व्यवस्था शांत राहते, समतोल साधला म्हणून नव्हे. सत्तासमतोलाच्या जुन्या शिकवणीला दोघांचाही विरोध आहे. पण एवढं साम्य पाहून दोन्ही एका दावणीला बांधले की घोटाळा होतो, कारण मुळात त्यांचे प्रश्नच वेगळे आहेत. एक विचारतो, जगाचा बाजार आणि पैसा सुरळीत चालू कोण ठेवतो. दुसरा विचारतो, सर्वांत वरच्या दोन देशांत लढाई कधी जुंपते.

वर्चस्व-स्थैर्याची सुरुवात युद्धातून झालीच नाही. चार्ल्स किंडलबर्गर हे अर्थेतिहासाचे अभ्यासक. १९७३ च्या ग्रंथात ते १९२९ ची मंदी इतकी खोल आणि लांब का गेली ते शोधत होते. त्यांचं उत्तर असं की संकटात काही कामं कुणीतरी एकाने अंगावर घ्यावी लागतात. अडचणीत सापडलेल्या मालाला आपला बाजार उघडा ठेवायचा, मंदीतही बाहेर कर्ज देत राहायचं, चलनांचे दर बऱ्यापैकी स्थिर राखायचे, आणि बँका कोसळायला लागल्या की शेवटचा सावकार म्हणून उभं राहायचं. पहिलं काम विदर्भातल्या माणसाला समजावून सांगायची गरज पडू नये. बांगलादेशाने संत्र्यावरचं आयात शुल्क चढवलं की वरूड-मोर्शीचा माल कळमन्यात उतरतो आणि भाव बसतो, हे आपण पाहिलेलं आहे. आता कल्पना करा, एकाच वेळी प्रत्येक देशाने प्रत्येक मालावर तेच केलं. जून १९३० मध्ये अमेरिकेने स्मूट-हॉली कायद्याने जकाती वाढवल्या, इतरांनी त्याला तसंच उत्तर दिलं. मे १९३१ मध्ये व्हिएन्नाची क्रेडिटआन्श्टाल्ट ही बँक बुडाली, झळ जर्मनीला लागली, आणि सप्टेंबरमध्ये खुद्द ब्रिटनने सुवर्णमान सोडला. किंडलबर्गरांचा निष्कर्ष : ब्रिटनमध्ये हे ओझं उचलायची ताकद उरली नव्हती आणि अमेरिकेची इच्छा नव्हती.

इथे थांबून एक गोष्ट बघा. या कथेत उगवती सत्ता अमेरिका आहे, आणि दोष काय, तर तिने फार मागितलं नाही, फार कमी केलं. युद्ध आलं ते आठ वर्षांनी, मधल्या बेकारीच्या, बंद बाजारांच्या आणि त्यातून वर आलेल्या राजवटींच्या वाटेने. म्हणजे मूळ वर्चस्व-स्थैर्य सिद्धांताचा युद्धाशी संबंध अप्रत्यक्ष आहे. स्टीफन क्रास्नर यांनी १९७६ मध्ये तो व्यापाराच्या खुलेपणाशी जोडला, रॉबर्ट कोहेन यांनी १९८० मध्ये त्याला हे नाव दिलं आणि १९८४ मध्ये त्यावरच टीका केली की एकदा उभ्या राहिलेल्या संस्था वर्चस्वी देश ढळला तरी चालू राहू शकतात.

मग युद्धाचा भाग कुठून आला? रॉबर्ट गिल्पिन यांच्याकडून, १९८१ मध्ये. त्यांचं म्हणणं असं : देश असमान वेगाने वाढतात, व्यवस्था टिकवण्याचा खर्च वर्चस्वी देशावर वाढत जातो आणि त्यातून मिळणारा फायदा घटत जातो, शेवटी प्रत्यक्ष ताकदीची वाटणी एक आणि नियम, सरहद्दी, मानमरातब यांची वाटणी दुसरीच, अशी फट पडते. ती फट इतिहासात बहुतेक वेळा मोठ्या युद्धाने बुजली. आपल्याकडच्या नोट्समध्ये किंडलबर्गर आणि गिल्पिन एकाच परिच्छेदात कोंबलेले असतात. तुमचं उत्तरही तिथेच घसरलं असावं. गिल्पिन वाचताना ते सत्तासंक्रमणासारखे वाटतात हे खरं, पण एक फरक जपून ठेवा : त्यांच्या मांडणीत मावळत्या सत्तेलाही पर्याय असतात. ती पसारा आवरू शकते, आव्हान देणाऱ्याला सवलती देऊ शकते, किंवा वेळ हातची जाण्याआधी स्वतःच युद्ध सुरू करू शकते.

सत्तासंक्रमण सिद्धांत ए. एफ. के. ऑर्गन्स्की यांनी १९५८ मध्ये मांडला. जग म्हणजे उतरंड : शिखरावर वर्चस्वी सत्ता, तिच्याखाली मोठ्या सत्ता, मग मध्यम, मग लहान. ताकद वाढते ती मुख्यतः देशाच्या आतून, म्हणजे लोकसंख्या, उत्पादकता आणि ती गोळा करण्याची सरकारची क्षमता यांतून. म्हणून मैत्रीचे करार करून ती चटकन भरून काढता येत नाही. युद्धाचा धोका दोन गोष्टी एकत्र आल्या की वाढतो : खालचा देश बरोबरीला आला, आणि तो चालू व्यवस्थेवर असमाधानी आहे. ‘बरोबरी’ म्हणजे पुढच्या अभ्यासकांच्या हिशेबात वर्चस्वी देशाच्या ८० ते १२० टक्के. या पट्ट्यात दोघांनाही जिंकण्याची आशा वाटते. त्याखाली आव्हान देणारा हरेल हे उघड असतं, त्यावर गेला की जुना देश हरेल हे उघड असतं.

१९८० मध्ये ऑर्गन्स्की आणि जॅसेक कुगलर यांनी हे आकड्यांवर तपासलं. सर्वांत वरच्या स्पर्धकांच्या २० प्रसंगांत असमान ताकदीच्या ४ प्रसंगांत युद्ध नाही; ताकद समान पण कुणी कुणाला ओलांडत नाही अशा ६ प्रसंगांतही नाही; समान आणि ओलांडणं चालू अशा १० प्रसंगांत ५ वेळा युद्ध. विद्यार्थी यातलं फक्त शेवटचं वाक्य पाठ करतात. नीट वाचलं तर त्या तक्त्याचा अर्थ असा होतो की ओलांडणं ही युद्धासाठी आवश्यक अट दिसते, पुरेशी नाही. अट पूर्ण असूनही निम्म्या वेळा काहीच झालं नाही. शिवाय ही ५ म्हणजे ५ वेगळी युद्धं नव्हेत, एकच महायुद्ध एकाहून अधिक जोड्यांत मोजलं जातं. इतक्या छोट्या नमुन्यावर टक्केवारीचा डोलारा उभा करू नये. ग्रॅहम अ‍ॅलिसन यांची ‘१६ पैकी १२ वेळा युद्ध’ ही बहुचर्चित मोजणीही याच कारणाने जपून वापरा. कोणता प्रसंग आत घ्यायचा आणि कोणता सोडायचा यावर तो आकडा हलतो.

आता उदाहरण. १८७० ते १९१४ मधला ब्रिटन घ्या, कारण तिथे एकाच वर्चस्वी सत्तेला एकाच काळात दोन देश गाठतात. एकाशी युद्ध होतं, दुसऱ्याशी होत नाही. याहून चांगली प्रयोगशाळा इतिहासाने दिलेली नाही.

अँगस मॅडिसन यांनी जुळवलेली राष्ट्रीय उत्पन्नाची आकडेवारी घ्या आणि दरवेळी ब्रिटनला १०० धरा. १८७० मध्ये जर्मनी ७२, अमेरिका ९८. १९०० मध्ये जर्मनी ८८, अमेरिका १६९. १९१३ मध्ये जर्मनी १०६, अमेरिका २३०. हे सहा आकडे वहीत एका कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

पहिली जोडी ब्रिटन-अमेरिका. बहुतेक पाठ्यपुस्तकांत ‘शांततामय संक्रमण’ म्हणून १८९५ चा व्हेनेझुएला वाद दिलेला असतो. ब्रिटिश गयाना आणि व्हेनेझुएला यांच्या सीमेवरून वाद होता. जुलै १८९५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री ऑल्नी यांनी ब्रिटनला खरमरीत खलिता पाठवला, त्याचा सूर असा की या खंडावर अमेरिकेचा शब्द म्हणजे कायदा. पंतप्रधान सॅलिसबरींनी तो धुडकावला. १७ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी काँग्रेसला संदेश दिला की सीमा आम्ही ठरवू आणि ती राखू. पुढे ब्रिटनने लवाद मान्य केला आणि १८९९ च्या निवाड्यात वादातला बहुतेक भूभाग उलट ब्रिटिश गयानालाच मिळाला. ब्रिटनने जमीन सोडली नाही, सोडला तो अमेरिकेला ‘तुझा इथे काय संबंध’ असं विचारण्याचा हक्क.

पण आकडे बघा. अमेरिका ८० ते १२० च्या पट्ट्यात होती ती १८७० च्या सुमाराला. १८८० उजाडेपर्यंत ती त्याच्या बाहेर, वर निघून गेली होती. म्हणजे राष्ट्रीय उत्पन्न हे माप धरलं तर १८९५ ही संक्रमणाची घडी नव्हतीच! खरी घडी पंचवीस वर्षं आधीची, आणि तेव्हाचा वाद होता ‘अलाबामा’चा. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेलं हे जहाज ब्रिटनमधल्या बर्कनहेडच्या गोदीत बांधलेलं. त्याने आणि तशाच इतर जहाजांनी उत्तरेची व्यापारी जहाजं बुडवली आणि अमेरिकेने भरपाई मागितली. १८७१ चा वॉशिंग्टन करार, मग जिनिव्हाचा लवाद, आणि १८७२ मध्ये १ कोटी ५५ लाख डॉलर भरून ब्रिटन मोकळा झाला. बरोबरीच्या ऐन काळात जगातली पहिल्या क्रमांकाची सत्ता दुसऱ्याला नुकसानभरपाई देते, आणि संक्रमणावरच्या पुष्कळ उत्तरांत या घटनेचं नावही नसतं.

मग १८९५ ला संक्रमण म्हणायचंच नाही का? म्हणता येईल, पण माप बदलावं लागेल. आरमार हे माप धरलं तर १८९५ मध्ये ब्रिटन कितीतरी पुढे होता, अमेरिका नुकती जहाजं बांधू लागली होती. त्या मापाने ती बरोबरीच्या आसपासही नव्हती. म्हणजे एका मापाने संक्रमण उलटून गेलेलं, दुसऱ्याने सुरूच न झालेलं. उत्तरात माप न सांगता ‘अमेरिका ब्रिटनच्या बरोबरीला आली तेव्हा’ असं लिहिलंत, तर परीक्षक समासात ‘केव्हा?’ लिहिणार आणि त्याला उत्तर नसणार.

दुसरी जोडी ब्रिटन-जर्मनी. इथे १९०० ला ८८, १९१३ ला १०६. पट्ट्याच्या अगदी मधोमध, ओलांडून काहीच वर्षं झालेली, आणि १९१४ ला युद्ध. सत्तासंक्रमणवाल्यांना याहून नेटकं उदाहरण नको. पोलादाचं बघितलं तर अंतर आणखी मोठं : १९१३ मध्ये जर्मनीचं उत्पादन ब्रिटनच्या दुपटीहून जास्त.

दोन्ही देश बरोबरीला आले, तर फरक कशाने पडला? सिद्धांताचं तयार उत्तर : अमेरिका समाधानी, जर्मनी असमाधानी. हे लिहिण्याआधी हात आखडता घ्या. ऑल्नींचा खलिता समाधानी देशाचा वाटतो का? अमेरिकेने १८९० आणि १८९७ मध्ये जकातींच्या भिंती उंच केल्या. ब्रिटनने उभ्या केलेल्या खुल्या व्यापाराचा फायदा घेत तिने स्वतःचं दार मात्र लोटून ठेवलं. याउलट जर्मनीने १८७९ पासून जकाती लावल्या तरी तिचा माल ब्रिटनमध्ये बिनजकात येत होता. इतका येत होता की १८८७ च्या ब्रिटिश कायद्याने परदेशी मालावर मूळ देशाचा शिक्का सक्तीचा केला. ब्रिटनने १९०६ च्या निवडणुकीतही जोसेफ चेंबरलेनच्या जकातवादाला नाकारून खुला व्यापार राखला. वर्चस्व-स्थैर्याच्या दृष्टीने पाहिलं तर वर्चस्वी देश आपलं काम १९१४ पर्यंत बऱ्यापैकी करत होता, सुवर्णमान चालू होता, बाजार उघडा होता, आणि तरीही महायुद्ध झालं. हा त्या सिद्धांताला बसणारा सर्वांत जड फटका आहे आणि उत्तरात तो यायलाच हवा.

‘असमाधान’ हा शब्द तोलायची अडचण अशी की युद्ध झालं म्हणून आपण मागे जाऊन जर्मनीला असमाधानी ठरवतो, आणि मग असमाधानामुळे युद्ध झालं म्हणतो. हे गोल फिरणं टाळायचं तर असमाधानाचा पुरावा युद्धाआधीचा हवा आणि युद्धाहून वेगळा हवा. अभ्यासक त्यासाठी दोन मापं जास्त वापरतात : त्या देशाची मैत्रीची यादी वर्चस्वी देशाच्या यादीशी किती जुळते, आणि तो वर्चस्वी देशापेक्षा वेगाने शस्त्रं वाढवतो आहे का. दुसरं माप इथे चांगलं चालतं. १८९८ च्या जर्मन नौदल कायद्यात १९ युद्धनौकांचं लक्ष्य होतं, १९०० च्या कायद्याने ते ३८ केलं. जर्मन नौदलप्रमुख टिर्पिट्झचं हे आरमार उत्तर समुद्रात, म्हणजे ब्रिटनच्या अंगणात ठेवायचं होतं. अमेरिकेच्या मागण्या मात्र कॅरिबियन, पनामा, अलास्का इथल्या. ब्रिटन तिथून माघार घेऊन लंडन सुरक्षित ठेवू शकत होता, आणि त्याने तेच केलं : १९०१ च्या करारात पनामाच्या कालव्यावर अमेरिकेला मोकळीक, १९०३ मध्ये अलास्काची सीमा, आणि पूर्वेकडचा भार हलका करायला १९०२ ची जपानशी युती. मला स्वतःला ‘समाधानी-असमाधानी’ या शिक्क्यापेक्षा हा फरक जास्त ठोस वाटतो : मागणी अशी आहे का, जी मान्य केल्यावर पुढच्या मागणीला नकार द्यायची ताकद शिल्लक राहते? पनामा दिल्याने ब्रिटन लंगडा होत नव्हता. उत्तर समुद्र दिला असता तर झाला असता.

आता ज्या ठिकाणी हे नेटकं उदाहरण उसवतं तिथे येऊ. १९१४ मध्ये बर्लिनमध्ये बसलेली माणसं ब्रिटनकडे बघून निर्णय घेत नव्हती. नौदलाची शर्यत जर्मनी जवळपास हरली होती. १९१२ आणि १९१३ च्या कायद्यांनी पैसा पुन्हा भूदलाकडे वळला, १९१३ च्या एकट्या कायद्याने सव्वालाखाहून जास्त सैनिक वाढवले. ब्रिटनशी संबंध उलट सुधारत होते; बगदाद रेल्वेवरच्या करारावर दोघांनी जून १९१४ च्या मध्यावर, म्हणजे साराजेव्होच्या खुनाआधी दोन आठवडे, प्राथमिक सह्या केल्या होत्या. धास्ती होती रशियाची. त्याच वर्षी मंजूर झालेला रशियाचा मोठा लष्करी कार्यक्रम १९१७ पर्यंत पुरा व्हायचा होता, आणि फ्रेंच कर्जावर पश्चिमेकडे जाणारे लोहमार्ग बांधले जात होते. जर्मन युद्धयोजना उभी होती ती रशियाला सैन्य जमवायला उशीर लागेल या एका गृहीतकावर. तेवढ्यात फ्रान्स संपवायचा आणि मग पूर्वेकडे वळायचं. लोहमार्ग झाले की हा उशीर आटत होता. ८ डिसेंबर १९१२ च्या कैसरसमोरच्या बैठकीत सेनाप्रमुख मोल्टके म्हणाले की युद्ध अटळ आहे, तर जितकं लवकर तितकं बरं. टिर्पिट्झना दीड वर्ष हवं होतं. १९१४ च्या उन्हाळ्याआधी मोल्टकेंनी परराष्ट्र सचिव यागोव यांच्याकडे तोच धोशा लावला, अशी यागोव यांची नंतर लिहिलेली आठवण आहे : दोन-तीन वर्षांत रशिया सज्ज होईल, मग आपल्याला झेपणार नाही.

म्हणजे जो जर्मनी ब्रिटनच्या संदर्भात उगवता, तोच रशियाच्या संदर्भात स्वतःला मावळता समजत होता. आव्हान देणाऱ्याच्या अधीरतेपेक्षा मागे पडण्याच्या भीतीने तलवार उपसली गेली. डेल कोपलँड यांनी २००० मध्ये मांडलेला प्रतिबंधक युद्धाचा सिद्धांत याच भीतीवर उभा आहे, आणि गिल्पिन यांच्या पर्यायांतही तो होताच. ऑर्गन्स्की यांच्या १९५८ च्या मांडणीत हल्ला करतो तो आव्हान देणारा, तोही पुढे जाण्याआधीच, घाईने. १९८० च्या तपासणीत त्यांनीच ते दुरुस्त केलं : युद्ध बहुधा ओलांडल्यानंतर. पण कोण कुणाला ओलांडतंय, हे जोडी कोणती धरली त्यावर आहे, आणि १९१४ मध्ये योग्य जोडी कोणती हा वाद मिटलेला नाही. सत्तासंक्रमणवाले म्हणतील की ४ ऑगस्टला ब्रिटन उतरला आणि शेवटी लढाई शिखरावरच्या दोघांचीच झाली. ते चूक नाही. मात्र तो उतरला बेल्जियमवरून, आणि ठिणगी पडली ती ऑस्ट्रिया-सर्बियात. उतरंडीत बरंच खाली.

त्यातही एक गंमत आहे. मॅडिसनच्या आकड्यांत जर्मनीला १०० धरलं तर रशिया (पुढच्या सोव्हिएत संघाच्या भूभागाचा हिशेब) १९०० मध्ये ९५ च्या आसपास आणि १९१३ मध्ये ९८. तेरा वर्षांत जेमतेम हलला. मोल्टकेला जो रशिया वर येताना दिसत होता तो राष्ट्रीय उत्पन्नात दिसतच नाही. तो दिसतो पलटणींच्या संख्येत आणि रोज सीमेवर किती गाड्या पोचतील त्या वेळापत्रकात. आकडे चुकीचे नाहीत. पण युद्ध करायचं की नाही हे ठरवणारी माणसं आपला तक्ता बघत नसतात. म्हणून राष्ट्रीय उत्पन्नाबरोबर त्यांच्या टेबलावर प्रत्यक्षात कोणते आकडे होते तेही शोधावं लागतं.

सीताबर्डीचं उदाहरण इथे द्यावं का, असं नागपूरचे विद्यार्थी हमखास विचारतात. रेल्वे स्टेशनाबाहेर पडलं की तो किल्ला दिसतोच, त्यामुळे मोह होतो. नोव्हेंबर १८१७ ची ती लढाई सत्तासंक्रमणाचं उदाहरण म्हणून देऊ नका. १८०३ च्या अडगावच्या पराभवानंतर आणि देवगावच्या तहानंतर नागपूरकर भोसले कंपनीच्या बरोबरीला राहिलेच नव्हते. सिद्धांताप्रमाणे इतकं अंतर असताना लढाई व्हायला नको होती. पाहिजे तर डग्लस लेम्के यांच्या स्थानिक उतरंडींच्या मांडणीवरची शंका म्हणून एका वाक्यात वापरा. ते म्हणतात की प्रत्येक प्रदेशाची स्वतःची छोटी उतरंड असते आणि तिथेही हाच नियम चालतो. मर्यादा दाखवायला सीताबर्डी चांगली, पुरावा म्हणून नाही.

चीन-अमेरिकेवर प्रश्न आला तर हीच पद्धत चालवा, आणि आधी माप ठरवा. बाजारभावाच्या विनिमय दराने चीन २०२१ मध्ये अमेरिकेच्या पाऊणच्या आसपास पोचला होता, नंतर घसरून ६५ टक्क्यांच्या घरात आला. म्हणजे ८० ची रेघ अजून ओलांडलेली नाही. क्रयशक्तीच्या मापाने तो २०१० च्या दशकाच्या मध्यालाच पुढे गेला, म्हणजे आज पट्ट्याच्या वरच्या कडेला किंवा त्याच्याही वर. आणि युद्ध-अभ्यासकांचा सहा घटकांचा संयुक्त निर्देशांक (लोखंड-पोलाद, ऊर्जेचा वापर, लष्करी खर्च, सैनिक, एकूण आणि शहरी लोकसंख्या) घेतला तर चीन पुढे जाऊन बराच काळ लोटला. लोकसंख्या आणि पोलाद हे घटक त्यात मोजले जात असल्याने तसं होतं. तीन मापांची तीन उत्तरं. त्यातलं आपल्या निष्कर्षाला सोयीचं उचलायचं आणि बाकी दोन झाकायची, ही चूक छापील लेखांतही दिसते.

वर्चस्व-स्थैर्याचा प्रश्न इथे वेगळा लागतो. २००८ आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने इतर मध्यवर्ती बँकांना डॉलर पुरवले. ते किंडलबर्गरांच्या शेवटच्या सावकाराचं काम. दुसरीकडे जागतिक व्यापार संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, ते अमेरिकेने नव्या नेमणुका अडवल्यामुळे. म्हणजे सावकारी चालू, पण बाजार उघडा ठेवण्याचं काम वर्चस्वी देश स्वतःच सोडतो आहे. या सिद्धांताने बघायचं ते असं की ते काम चीन उचलतो का, की १९३१ सारखं दोघांच्यामध्ये पडून राहतं. ‘चीन किती वाढला’ हा आकडा त्याचं उत्तर देत नाही.

पंधरा गुणांच्या उत्तरात हे सगळं मावणार नाही. मी असं लिहीन : पहिल्या चार ओळींत दोघांचे प्रश्न वेगळे आहेत हे, किंडलबर्गर आणि गिल्पिन वेगळे काढून. मग बरोबरी आणि असमाधान या दोन अटी, आणि १० पैकी ५ चा अर्थ. त्यानंतर ब्रिटनचे सहा आकडे आणि अलाबामा. तिथे जागा राखा, कारण बहुतेक उत्तरांत ते नसेल. मग जर्मनी-रशिया. शक्यता वाढते का, या प्रश्नाला थेट उत्तर द्या : बरोबरीच्या काळात वाढते, पण उदयाने आपोआप नाही, मागणी कुठली आहे आणि उद्या आपण आजच्यापेक्षा दुबळे असू असं कुणाला वाटतंय, यावर ती ठरते. चीनवर शेवटी तीन ओळी, त्याही मापाचं नाव घेऊन.